आजींच्या कपाळावरचं गोंदण: उत्तरकार्याच्या फ्रेमसाठी कपडे बदलताना झालेली चूक आणि तिची दुरुस्ती

फोटोतल्या माणसाचे कपडे बदलून देणं हे आमच्याकडचं रोजचं काम. पासपोर्ट फोटोला कोट चढवायचा, निवडणुकीच्या फलकासाठी साध्या शर्टावर जाकीट आणि फेटा घालायचा, लग्नाला येऊ न शकलेल्या मामाला शेरवानी घालून आहेराच्या रांगेत उभं करायचं. बेळगावात आमचा स्टुडिओ सोळा वर्षं चालू आहे आणि या कामात आपला हात बसला आहे असं मला वाटायचं. खानापूर तालुक्यातल्या एका घरासाठी आम्ही केलेला एक फोटो त्या समजाला धक्का देऊन गेला. घरच्यांची परवानगी घेऊन तो प्रकार इथे मांडते. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

मराठा शेतकरी कुटुंब. आजी ७८ वर्षांच्या होऊन गेल्या. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती. थोरला मुलगा, ज्याला सगळे आण्णा म्हणतात, गावातच शेती करतो. धाकटा पुण्याला असतो आणि त्याची बायको कोल्हापूरकडची. मुलगी, म्हणजे आक्का, बैलहोंगलकडच्या कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरात दिली आहे. आजी गेल्या त्याच्या चार महिने आधी आण्णांच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि त्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन आटोपलं आणि चौथ्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन मलाच आला.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. बाराव्याला पाटावर ठेवायला १२ बाय १८ इंची फ्रेम आणि गावाच्या कमानीजवळ लावायला चार बाय तीन फुटांचा श्रद्धांजलीचा फलक, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. पाहुणे दोन्ही बाजूंनी येणार होते.

हाताशी फोटो चार होते. आधार कार्डावरचा, जो छापायला गेलं की नुसता डाग दिसतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नातवानं मोबाईलवर काढलेला. त्यात डोक्यावर ऊन, डोळे बारीक झालेले आणि कपाळ भंडाऱ्यानं पिवळं. एक जुना, बराच रंग उडालेला, आजोबा असतानाचा घरचा गट-फोटो. आणि चौथा नातीच्या लग्नातला, आम्ही काढलेला. त्यातला चेहरा छान आला होता, किंचित उजवीकडे वळलेला, ओठांवर हसू. पण मांडीवर पणतू उभा होता. त्यामुळे गळ्याखालचं सगळं झाकलं गेलं होतं, आणि जे दिसत होतं ती नातीनं हट्टानं नेसवलेली वाइन रंगाची रेशमी साडी होती.

चेहरा या चौथ्या फोटोतून घ्यायचा हे लगेच ठरलं. गळ्याखालचं अंग दुसरं जोडावं लागणार होतं. अडचणीला तिथूनच सुरुवात झाली.

काय बिघडलं

आमच्याकडे काम करणारा मुलगा हुशार आहे, हात स्वच्छ आहे. त्यानं तयार PSD फाइलींच्या संग्रहातून ‘नऊवारी, ज्येष्ठ’ या नावाची एक फाइल उघडली, आजींचा चेहरा त्यावर बसवला, मानेचा जोड मऊ केला आणि रात्री साडेनऊला नमुना आण्णांनी दिलेल्या व्हॉट्सअॅप दुव्यावर पाठवून दिला. तो दुवा एका माणसाचा नव्हता, घरच्या ग्रुपचा होता. ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं होती. मी त्या दिवशी संकेश्वरला एका साखरपुड्याच्या कामावर होते आणि पाठवण्याआधी मी तो फोटो पाहिला नव्हता. यात दोष त्या मुलाचा कमी आणि माझा जास्त आहे.

दहा मिनिटांत आण्णांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच ऐकवत नव्हता.

“ताई, आमच्या आईला परत सवाष्ण केलासा की ओ. घरात बायका रडायला लागल्यात.”

मी फोटो उघडला. हिरवीगार साडी, सोनेरी काठ. गळ्यात ठुशी आणि दोन वाट्यांचं मंगळसूत्र. एका हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. आणि कपाळावर मोठं, ठसठशीत कुंकू. ते त्या फाइलीत नव्हतं, आमच्या मुलानं वेगळं घातलं होतं. का घातलंस विचारल्यावर तो म्हणाला, “कपाळ मोकळं दिसत होतं, ताई. बरं दिसंना.”

नवरा जाऊन बावीस वर्षं झालेल्या बाईचा हा फोटो. बांगडीला आपल्या भागात किती अर्थ आहे हे सौंदत्तीला गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिथे देवीच्याच बांगड्या उतरवल्या जातात आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा हिरवा चुडा चढतो. जिथे देवीच्या हातावरूनही तिचं वैधव्य ओळखलं जातं, तिथे आम्ही एका विधवा आजीच्या हातात हिरव्या बांगड्या घालून त्रेचाळीस घरांत पाठवल्या होत्या.

दुसरी चूक, घाईनं केलेली

त्या रात्री मी शांत बसायला हवं होतं. बसले नाही. अकरा वाजता स्टुडिओ उघडला आणि स्वतः दुरुस्ती करायला घेतली. मंगळसूत्र, ठुशी, बांगड्या, कुंकू सगळं काढलं. `Hue/Saturation` मध्ये हिरवा रंग उतरवत नेला आणि साडी पांढरी केली. ‘मोठी चूक झाली, दुरुस्त करून पाठवते आहे’ असं लिहून पाठवलं, तेही पुन्हा ग्रुपवर.

या वेळी फोन आक्कांचा आला. त्या म्हणाल्या, “माझी आई एक दिवस पांढरं नेसली नाही. ही कोण बाई आहे?”

कामाच्या नजरेनं पाहिलं तरी तो फोटो वाईटच होता. साडीचा रंग बदलला की साडीपुरता बदलतो. पण रंगीत कापडाचा उजेड हनुवटीखाली आणि गळ्यावर पडलेला असतो, तो तसाच राहतो. फाइलीतल्या बाईच्या गळ्यावर हिरवट छटा होती, आजींच्या हनुवटीखाली वाइन रंगाची. मध्ये पांढरी साडी आल्यावर दोन्ही उठून दिसल्या आणि चेहऱ्याला आजारी माणसाची कळा आली.

पण आक्कांचं म्हणणं रंगाच्या जोडाबद्दल नव्हतं. मी एका ठोकळ्यातून आजींना काढून दुसऱ्या ठोकळ्यात घातलं होतं. पहिला ‘म्हातारी म्हणजे नऊवारी आणि दागिने’ हा, दुसरा ‘विधवा म्हणजे पांढरं’ हा. दोन्ही वेळा त्या काय नेसत होत्या हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

पुढे काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाला गेले. सुतक चालू होतं, घरचं कुणी बाहेर पडत नव्हतं, आणि असं बोलणं फोनवर होतही नाही. सोप्यात बसून आधी माफी मागितली. मग विचारलं की आजींना तुम्ही कसं बघू इच्छिता. तिथे तीन मतं निघाली आणि तिन्ही मनापासूनची होती.

धाकट्या सूनबाईंचं म्हणणं होतं की कुंकू ठेवा. त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं तोच आदर्श इतर गावांपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, “नवरा गेला म्हणून बाईचं कपाळ पुसायचं हे आत्तींच्या बाबतीत झालं तेच चुकीचं होतं. निदान फोटोत तरी नीट करूया.” त्या फोटो बघून रडल्या नव्हत्या. रडणाऱ्यांवर रागावल्या होत्या.

भावकीतल्या एका वडीलधाऱ्या तात्यांना पांढरी किंवा फिकी साडी आणि कोरं कपाळ हवं होतं. कमानीजवळ लागणारा फलक सगळं गाव बघणार, त्यात बोलायला जागा नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

आक्का आणि आण्णा म्हणत होते, आई होती तशी दाखवा. पण तशी म्हणजे कशी, हे दोघांनाही नेमकं सांगता येईना. आण्णा म्हणाले निळी साडी, आक्का म्हणाल्या जांभळी. कपाळावर बुक्का असायचा असं एक म्हणालं, फक्त एकादशीला असायचा असं दुसरं.

धाकट्या सूनबाईंचं म्हणणं मला स्वतःला पटतं. हेरवाडसारखे ठराव आपल्या बाजूच्या गावांतही व्हावेत असं मला मनापासून वाटतं. तरीही फोटोच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले नाही. आजी बोलू शकत होत्या तेव्हा त्यांना हे विचारलं गेलं असतं आणि त्यांनी कुंकू लावलं असतं, तर ते त्यांचं कुंकू झालं असतं. आता ते आम्ही लावलेलं कुंकू होणार होतं. तात्यांची पांढरी साडीही तशीच, गावासाठी नेसवलेली. दोन्हीकडे आजींच्या अंगावर दुसऱ्याचं म्हणणं चढत होतं.

हे मी तिथे एवढं नीट बोलू शकले नाही. मी इतकंच विचारलं, “आजींच्या साड्या वाळत कोण घालायचं?”

थोरल्या सूनबाई तोवर चुलीजवळच होत्या, बोलल्या नव्हत्या. त्या उठून आत गेल्या आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या.

ट्रंकेत काय मिळालं

दोन इरकल नऊवारी, दोन्ही धुवून मऊ झालेल्या. एक गडद निळी, एक वांगी रंगाची. म्हणजे आण्णाही बरोबर होते आणि आक्काही. दोन्हींचा पदर लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा टोप पदर, इरकलीचा असतो तसा. खणाच्या दोन चोळ्या, बाहीला ठिगळ. तुळशीची माळ. बांगड्या नव्हत्या.

लाल पदर पाहून माझ्यासोबत आलेला आमचा मुलगा हळूच म्हणाला, “लाल चालंल काय?” बाहेरून बघणारा हा प्रश्न विचारणारच, आणि घरी विचारलं नसतं तर मी तो पदर करडा करून टाकला असता. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “इरकलीचा पदर लालच असतोय की. त्या रोज हाच डोईवर घेत होत्या.” विषय संपला. आपल्याकडे लग्नाच्या हिरव्या शालूला जो अर्थ आहे तो इरकलीच्या लाल पदराला नाही. तो त्या विणीचाच भाग आहे, पदराचे धागे साडीच्या ताण्यात फासे अडकवून जोडतात आणि मग विणतात. साडीचा रंग मंगल की अमंगल हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. कोणतं कापड, कुणाच्या अंगावर आणि सोबत काय, यावर ते ठरतं. गळा, मनगट आणि कपाळ आधी वाचलं जातं, साडी मागून.

मग कपाळाचा विषय निघाला. बुक्का की कोरं, यावर पुन्हा बोलणं सुरू झालं, तेव्हा थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “कोरं कुठं होतं? गोंदण होतं न्हवं त्यांच्या कपाळाला.”

सगळे गप्प झाले. मीही. लग्नाचा फोटो मी स्वतः काढला होता, कॅमेऱ्यातून तो चेहरा पाहिला होता, आणि मला गोंदण आठवत नव्हतं.

गोंदण कुठे गेलं होतं

स्टुडिओत येऊन मूळ फाइल उघडली तेव्हा कळलं. लग्नाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या मुलीनं आजींच्या चेहऱ्यालाही पावडर लावली होती, त्यात गोंदण बरंच फिकं झालं होतं. उरलेलं आमच्या मुलानं काढलं होतं. अल्बमसाठी चेहरे स्वच्छ करताना तो `Spot Healing Brush` फिरवतो, तीळ ठेवतो, डाग काढतो. भुवयांच्या मधला हिरवट ठिपका त्याला डाग वाटला. म्हणजे कपाळ ‘मोकळं’ आम्हीच केलं होतं आणि मग मोकळं दिसतं म्हणून तिथे कुंकूही आम्हीच लावलं होतं.

मूळ फाइल आमच्याकडे होती हे नशीब. पावडरीखालचं गोंदण डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. अशा वेळी `Channels` मध्ये जाऊन फक्त `Red` बघायचं. त्वचा लाल उजेड भरपूर परतवते, म्हणून तिथे ती उजळ दिसते. गोंदणाचा निळसर हिरवा रंग लाल उजेड शोषतो, म्हणून तो गडद दिसतो. तिथे ते स्पष्ट उमटलं. मध्ये एक मोठा ठिपका आणि त्याच्या खाली तीन बारीक. त्या लाल प्रतीवरून मास्क केला आणि मूळ त्वचेवरच तेवढ्या जागी गडदपणा वाढवला. नवीन काही रंगवलं नाही. जुनं गोंदण काळाबरोबर कडांना पसरतं, तो पसरटपणा तसाच राहू दिला. कडा रेखीव केल्या असत्या तर ते काल गोंदवल्यासारखं दिसलं असतं.

बुक्का लावायचा नाही, असं मग घरातच ठरलं. आता तशी गरज कुणालाच वाटली नाही.

साडी कुणाच्या अंगावर

आजींचीच साडी वापरायची तर ती कशावर तरी नेसवून फोटो काढायला हवा. पहिला विचार सोपा होता. अंगलोट सारखी असलेली कुणी बाई बसवायची. आजींच्या जाऊबाई तशा होत्या. मी विचारलं आणि विचारताक्षणी चूक कळली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेचा चेहरा उतरला. सुतकात, गेलेल्या बाईची साडी नेसून, तिचं धड म्हणून जिवंत माणसानं फोटोला बसायचं. तो फोटो पुढे हार घालून पाटावर ठेवला जाणार. कुणाला हे अभद्र वाटलं तर त्यात वाटणाऱ्याचं काही चुकत नाही. मी लगेच शब्द मागे घेतला.

याच विचारानं तयार फाइलींबद्दलही मला तेव्हापासून खटकतं. त्या फाइलीतलं धडसुद्धा कुणातरी जिवंत बाईचं असतं. ती लग्नाच्या साडीच्या जाहिरातीला उभी राहिलेली असते आणि आम्ही तिला हार घालतो.

साडी शेवटी पुतळ्यावर नेसवली. थोरल्या सूनबाईंनी गावाकडून एक पोक्त नातेवाईक पाठवली, तिनं नेसवली, कारण आमच्यापैकी कुणालाच पदर त्यांच्यासारखा डोईवर घेता येईना. पुतळा ताठ उभा असतो आणि आजींना पोक होतं. म्हणून पुतळा थोडा पुढे कलता बांधला आणि खांद्यामागे चोळीच्या आत टॉवेलाची घडी घातली. लग्नाच्या फोटोत उजेड डावीकडून होता, तसाच दिवा डावीकडे, साधारण पंचेचाळीस अंशांत ठेवला. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर. या तीन गोष्टी जुळल्या की मानेचा जोड निम्मा आपोआप होतो. हनुवटीखालची वाइन छटा वेगळी उतरवली आणि निळ्या साडीची अगदी हलकी छटा तिथे दिली. तुळशीची माळ खरीच होती, तीच घातली.

वांगी की निळी, यात निळी घेतली. फलकावर वांगी रंग लालसर छापला जाण्याची भीती होती. निळ्याची भीती वेगळी. फ्लेक्सवर गडद निळं काळं पडतं. म्हणून साडीचा भाग छपाईच्या फाइलीत थोडा उजळ केला आणि आधी सहा इंची पट्टी छापून घराच्या अंगणात उन्हात धरून पाहिली.

नमुना कुणाला दाखवला

या वेळी ग्रुपवर काही पाठवलं नाही. दहाव्या दिवशी ८ बाय १० चा कागदी नमुना घेऊन मी आधी थोरल्या सूनबाईंना आत दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि अंगठा त्या ठिपक्यांवर ठेवला. मग आक्कांना दाखवला, मग आण्णांना. तात्यांना आण्णांनीच दाखवला. ते म्हणाले, “ही आमची वैनी.” गावात कोण काय म्हणेल हे पुन्हा निघालं नाही.

फलकाच्या कामात एक गोष्ट शेवटच्या क्षणी अडवली. कन्नड मजकूर बैलहोंगलच्या ज्या दुकानातून करून घेतला, त्यांच्या तयार चौकटीत वर विभूतीचे तीन पट्टे आणि लिंग होतं. आक्कांच्या सासरी ते योग्यच, पण आजी त्या परंपरेतल्या नव्हत्या. आक्कांनी स्वतः फोन करून ते काढायला लावलं आणि जागा मोकळी ठेवायला सांगितली.

परिणाम

बाराव्याला फ्रेम पाटावर होती. चंदनाचा हार घालताना आण्णांनी तो थोडा वर धरला, गोंदण झाकू नये म्हणून.

सगळं नीट झालं असं मात्र म्हणता येणार नाही. पहिला हिरव्या साडीचा फोटो मी ग्रुपमधून काढायला लावला, पण तोवर मुंबईतल्या एका नातेवाइकानं तो स्टेटसला ठेवला होता आणि तो पूर्ण दिवसभर तिथे होता. तो किती जणांनी पुढे पाठवला हे आता कळायला मार्ग नाही. धाकट्या सूनबाईंनी फ्रेम मान्य केली, पण त्या मला म्हणाल्या, “तुम्ही आत्ती जशा होत्या तशा दाखवल्या. त्यांना तसं कुणी ठेवलं, ते नाही दाखवलं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते फोटोत देता येईल असं मला वाटतही नाही.

महिन्याभरानं आण्णांनी आणखी एक काम दिलं. आई-वडिलांची एकत्र फ्रेम, सोप्यात लावायला. इथे तीच आजी सवाष्ण हवी होती, नवऱ्याशेजारी बसलेली. नव्या फोटोला कुंकू लावून ती करता आली असती, पण मग बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याशेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बायको बसली असती. म्हणून तो रंग उडालेला गट-फोटो घेतला. त्यात दोघं शेजारी उभी होती, तिच्या कपाळावर तिनं स्वतः लावलेलं कुंकू होतं आणि हातात बांगड्या. फक्त रंग आणि ओरखडे दुरुस्त केले, अंगावरचं काही बदललं नाही. गोंदण त्यातही दिसतं, कुंकवाच्या खालच्या कडेला.

सौंदत्तीचा फोटो आक्कांनी मागून घेतला. भंडारा काढून चेहरा स्वच्छ करू का असं आमच्या मुलानं विचारलं, तेव्हा त्यानंच पुढे म्हटलं, “की राहू दे?” राहू दिला. देवदर्शनाच्या फोटोत कपाळाचा भंडारा हा डाग नसतो, त्यासाठीच तर डोंगर चढलेला असतो. सहा बाय आठमध्ये तसाच पिवळ्या कपाळाचा छापला.

आज करायचं तर

आज असं काम आलं तर पहिल्या फोनवरच चार गोष्टी विचारते. फोटो कोणत्या प्रसंगाला आणि कुठे लागणार. नवरा किंवा बायको हयात आहे का. रोज काय नेसत होत्या किंवा घालत होते. आणि ते सगळ्यात नीट कुणाला ठाऊक आहे. शेवटचा प्रश्न मी पूर्वी कधीच विचारत नव्हते. काम सांगायला येतो तो बहुधा घरचा कर्ता पुरुष, आणि त्याला आईची साडी निळी होती एवढंच आठवतं.

पुरुषांच्या फोटोतही हे होतं, फक्त उशिरा लक्षात येतं. उत्तरकार्याच्या फोटोला आम्ही सरसकट फेटा चढवायचो, रुबाबदार दिसतं म्हणून. पण ज्यानं जन्मभर पांढरी टोपी घातली त्याच्या डोक्यावर लग्नातला गुलाबी फेटा दुखवट्याच्या बैठकीत बघवत नाही. आता टोपीवाल्याला टोपीच.

दुसरं, आजींच्या बाबतीत कपडे बदलण्याआधी मी विचारायला हवं होतं की बदलणं गरजेचं आहे का. पणतू मांडीवर होता म्हणून आम्ही अख्खं धड बदलायला निघालो. गळ्यापर्यंतचा चेहरा आणि डोईवरचा पदर एवढंच ठेवून फ्रेम लहान कापली असती तरी निम्मा प्रश्न मिटला असता. घरच्यांना गुडघ्यापर्यंतचा फोटो हवा होता हे खरं, पण त्यांना तो पर्याय मी दाखवलाही नाही.

तिसरं, चेहरा स्वच्छ करताना कपाळ, हनुवटी आणि हाताला आमच्याकडे आता कुणी ब्रश लावत नाही, जोवर समोर माणूस बसून तो डागच आहे असं सांगत नाही. साठीच्या पुढच्या आपल्याकडच्या बायकांत गोंदण सर्रास असतं.

या गोष्टीला वर्ष झालं. परवा आण्णांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेवर वर कोपऱ्यात आजींचा फोटो हवा म्हणून थोरल्या सूनबाई स्वतः आल्या. हार घातलेला फोटो लग्नपत्रिकेवर चालत नाही, म्हणून हाराशिवायची फाइल काढली. निळी इरकल मंगलकार्याला गडद वाटेल का, असं मी विचारलं. त्यांनी पिशवीतून वांगी रंगाची घडी काढून टेबलावर ठेवली.